सातवं गाणं

माझ्या क्लासमध्ये मागच्या रांगेतल्या बायका पाण्याच्या बाटल्यांकडे कधी वळणार, हे एके काळी मला घड्याळ न बघताही सांगता यायचं. सातवं गाणं सुरू झालं की. तोवर पंचवीस-सव्वीस मिनिटं झालेली असत आणि तासातला निम्म्याहून जास्त वेळ शिल्लक असे. दोघी-तिघी भिंतीला टेकत, बाकीच्यांचे हात खांद्याच्या वर जाणं बंद होई. मला वाटायचं, यांचा दम कमी पडतोय. खरं तर गाण्यांचा क्रम चुकला होता, आणि तो मीच लावला होता.

डोंबिवलीतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये मी संध्याकाळी तासाभराचा डान्स फिटनेसचा क्लास घेते. पंचविशीच्या मुलींपासून साठीच्या आज्यांपर्यंत सगळ्या एकाच रांगेत असतात. तासाचा हिशेब साधा आहे. सरासरी पावणेचार मिनिटांची चौदा गाणी धरली तर साडेबावन्न मिनिटं होतात. पाण्यासाठी एकेक मिनिटाचे दोन थांबे आणि दोन गाण्यांच्या मध्ये दहा-बारा सेकंद. उरलेली तीन मिनिटं सुरुवातीच्या आणि शेवटच्या बोलण्यात जातात. चौदा गाणी निवडणं अवघड नाही. कोणतं कशाच्या मागे ठेवायचं, यात सगळं कौशल्य आहे.

सातव्या गाण्याची गोष्ट अशी. तेव्हा पाचवं गाणं ढोल-ताशाचं होतं, सहावं भांगड्याचं आणि सातवं ‘सैराट’मधलं ‘झिंगाट’. तिन्ही गाणी सगळ्यांच्या आवडीची, म्हणून मी ती हौसेने एकापाठोपाठ लावली होती. पण तिन्हींत उड्या आणि तिन्हींत हात डोक्यावर. म्हणजे सलग अकरा-बारा मिनिटं त्याच पोटऱ्या, तेच गुडघे. पाय जे करतात त्यात हात उंचावून नाचण्याची भर पडली की हृदयाचे ठोके आणखी वाढतात. पाचव्या गाण्यात चढलेले ठोके खाली यायला वावच मिळत नव्हता.

तोवर मी क्रम लावायचे तो फक्त वेगावरून. वेग मोजणं सोपं आहे. पंधरा सेकंदांत पायाने किती ठेके धरले ते मोजा आणि चाराने गुणा. ॲपही आकडा सांगतं, पण ॲप कधीकधी दुपटीने फसतं. मिनिटाला 90 ठोक्यांच्या गाण्याला ते 180 म्हणतं, म्हणून एकदा स्वतःच्या पायाने खात्री करून घ्यावी. मात्र आकडा बरोबर असला तरी त्यावरून दम कळत नाही. मेरेंगेचं गाणं मिनिटाला 130-140 ठोक्यांचं असतं, पण त्यावर आपण जागच्या जागी कवायतीसारखं चालतो. बायका हसत, गप्पा मारत ते करतात. रेगेटॉनचा ठेका 95च्या आसपास असतो. ऐकायला संथ, पण त्यावर खुर्चीत बसल्यासारखं वाकून पावलं टाकली की मांड्या पेटतात. साल्साचा आकडा तर 180च्याही पुढे जातो, पण त्यात तीन पावलं आणि एक विसावा असतो, त्यामुळे पाय तेवढे पळत नाहीत.

मेरेंगे, साल्सा, कुंबिया आणि रेगेटॉन हे झुंबाचे मूळ चार ताल. कोलंबियातल्या काली शहरात 1990च्या दशकात बेटो पेरेझ हा शिक्षक एरोबिक्सची कॅसेट घरी विसरला आणि जवळ होती ती लॅटिन गाण्यांची कॅसेट लावून त्याने क्लास घेतला, अशी झुंबाच्या जन्माची कथा आहे. वेगवेगळ्या तालांमुळे क्लासमध्ये आपोआपच चढ-उतार येतो. आपल्याकडेही तशी सोय आहे. कोळीगीताला सहा मात्रांचा झोका असतो आणि वल्हं मारल्यासारखं डावी-उजवीकडे डुलताना श्वास परत येतो. लावणीत गुडघे वाकलेले राहतात, त्यामुळे काम मांड्यांना पडतं आणि पोटऱ्या सुटतात. भांगडा म्हणजे खांदे आणि उड्या.

आता माझ्या वहीत प्रत्येक गाण्यापुढे तीन गोष्टी असतात. वेग, दम (एक ते पाच) आणि सर्वांत जास्त काम कशाला. दमाचा आकडा मी स्वतः नाचून, बोलून बघते आणि मग लिहिते. नाचताना पूर्ण वाक्य बोलता आलं तर दोन, वाक्य मध्येच तुटलं तर चार, दोन-तीन शब्दांपुढे जाता आलं नाही तर पाच. वही उघडली तेव्हा चूक लगेच दिसली. पाच, सहा आणि सात, तिन्हींपुढे दम पाच आणि तिन्हींपुढे ‘पोटऱ्या’ लिहिलेलं.

क्रम बदलला तो असा. पहिली दोन गाणी वॉर्म-अपची. खांदे, कंबर, घोटे मोकळे होईपर्यंत एकही उडी नाही. तिसरं मेरेंगे, चौथं कुंबिया. पाचवा भांगडा, दम पाच, आणि लगेच पाणी. सहावं रेगेटॉन, दम चार, पण काम मांड्यांना. आणि सातव्या जागी कोळीगीत, दम दोन. आठवा साल्सा, नववा ढोल-ताशा, पुन्हा पाणी. दहावी लावणी आणि अकरावं ‘झिंगाट’, साधारण त्रेचाळिसाव्या मिनिटाला. ज्या गाण्याने पूर्वी क्लास बसायचा त्याच गाण्यावर आता सगळ्यांत जास्त उड्या पडतात, कारण त्याआधी पोटऱ्यांना पाच मिनिटं विश्रांती मिळालेली असते.

कोळीगीत म्हणजे थांबणं नव्हे, हे मी नव्या मुलींना पुन्हा पुन्हा सांगते. पाय हलतेच राहिले पाहिजेत. दम दोनचं गाणं संपता संपता पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, तर आधीची दोन गाणी जड झाली असं समजावं आणि पुढचं एक पाऊल हलकं करावं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना उडीऐवजी टाच पुढे टेकवायला सांगते. पण क्रमच चुकला असेल तर टाच टेकवूनही फार सुटका होत नाही.

शेवटची दोन गाणी मी कधीच कापत नाही, वेळ कमी पडला तर बारावं काढते. जोरात नाचताना पायांत भरपूर रक्त आलेलं असतं आणि पोटऱ्यांची हालचाल ते वर ढकलत असते. एकदम थांबलं की रक्त पायांतच साचतं आणि चक्कर येते. म्हणून तेराव्या गाण्यात नुसतं चालत, हात खाली घेत ठोके उतरवायचे आणि चौदाव्यात पोटऱ्या, मांड्या ताणून प्रत्येक ताण वीस-तीस सेकंद धरायचा. त्या गाण्याला ठेका ठळक नको. बासरी, सतार किंवा संथ सिनेगीत चालतं. ढोलकी ऐकू आली की पाय पुन्हा उचलतातच.

मे महिन्यात हॉलमधले पंखे पुरत नाहीत, तेव्हा नवव्या जागचा ढोल-ताशाही मी काढते आणि तिथे दुसरं कुंबिया लावते. मागच्या रांगेतल्या एक काकू हल्ली सातव्या गाण्याला पुढच्या रांगेत येतात. वल्हं मारायला पुढे जागा जास्त मिळते म्हणतात.