एकाच फोटोच्या दोन प्रती

माझ्या दुसरीतल्या भाचीने स्वतःच्या फोटोची बाहुली करायला घेतली. फोटो छापला, बाह्यरेषेवरून नीट कापला, मग कोपरातून हात आणि गुडघ्यातून पाय तोडले. तुकडे पिनांनी पुन्हा जोडले तेव्हा ती म्हणाली, "मावशी, माझे हात बुटके झाले!"

आणि ते खरंच बुटके झाले होते. पिन बसायची तर एक तुकडा दुसऱ्यावर चढायला हवा. सांध्यावर सरळ कात्री चालवली की चढवायला कागदच उरत नाही. मग हाताचाच कागद खर्ची पडतो. सुमारे अकरा सेंटीमीटरच्या हाताला खांदा आणि कोपर असे दोन सांधे. दर सांध्याला सव्वा सेंटीमीटर गेला, तर हात अडीच सेंटीमीटरने आखूड होतो.

यावर उपाय सोपा आहे. एकाच फोटोच्या दोन प्रती काढायच्या आणि शेजारशेजारचे तुकडे वेगवेगळ्या प्रतींतून कापायचे. पहिल्या प्रतीतून डोक्यासकट धड, मनगटाकडचे दोन्ही हात आणि गुडघ्याखालचे पाय घ्यायचे. दुसरीतून दंड आणि मांड्या. असे एकूण नऊ तुकडे होतात आणि प्रत्येकाच्या टोकाला सांध्यापलीकडचा कागद शिल्लक राहतो.

मात्र त्यासाठी फोटो तसा हवा. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत डोकं मोठं येतं आणि पाय येतच नाहीत. फोन मुलाच्या छातीच्या उंचीवर, स्टुलावर टेकवून ठेवावा आणि दहा सेकंदांचा टायमर लावून मुलाला तीनेक मीटर लांब, कोऱ्या भिंतीसमोर उभं करावं. पाय फाकलेले आणि हात अंगापासून इतके दूर, की काखेतून भिंत दिसली पाहिजे. हात अंगाला चिकटले, तर दंड कापताना सदऱ्याची बाजूही त्याच्याबरोबर येते. एकरंगी, लांब बाह्यांचा सदरा असेल तर सांधा फारसा दिसतही नाही.

फोटो पूर्ण ए-फोर कागदावर छापावा. सव्वाशे सेंटीमीटर उंचीचं मूल त्यावर सत्तावीस सेंटीमीटरचं होतं आणि त्याचं कोपर साधारण सव्वा सेंटीमीटर रुंद येतं. म्हणजे मधोमध भोक पाडलं तर दोन्ही बाजूंना अर्धा सेंटीमीटरहून थोडा जास्त कागद उरतो. बाहुली याच्या निम्मी केली तर हा काठ इतका अरुंद होतो, की दोन दिवसांत फाटतो.

कापण्याआधी दोन्ही प्रती कार्डशीटवर किंवा जुन्या लग्नपत्रिकांवर चिकटवाव्यात. त्यासाठी पातळ डिंक नको. त्याने कागद सुरकुततो आणि इंकजेट प्रिंटरची शाई पसरते. ग्लू स्टिक लावून तासभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवलं की पुरतं.

आता खरा नाजूक भाग. कोपराच्या रुंदीएवढं बटण सांध्यावर ठेवून पेन्सिलीने गोल काढायचा. दंड खालून आणि पुढचा हात वरून, दोघांचीही टोकं याच गोलावरून कापायची आणि भोक गोलाच्या बरोबर मध्यावर पाडायचं. दाभणाने भोक पाडण्याआधी टाचणी टोचून हात फिरवून पाहावा. मध्य चुकला असेल तर हात दुमडताना कोपरापाशी एका बाजूला कागदाचा कोपरा बाहेर डोकावतो. तेवढ्यावर टाचणी सरकवून पुन्हा पाहता येतं. दाभण घातल्यावर मात्र दुरुस्ती नाही. दाभण मोठ्यांनीच हाती घ्यावं.

जोडताना दंड आणि मांड्या धडाच्या मागे ठेवायच्या, पुढचा हात दंडाच्या मागे आणि पोटरी मांडीच्या मागे. गोल टोकं अशी झाकली जातात. दोन पायांची पितळी पिन मिळाली तर तिचे पाय मागे उलगडायचे, पण घट्ट दाबायचे नाहीत. नाही मिळाली तर जाड दोरा चालतो. आंध्रातल्या तोलुबोम्मलाटाच्या चामडी बाहुल्यांचे हातपायही दोऱ्यानेच जोडलेले असतात. मागे गाठ मारून दोरा दोन्ही तुकड्यांतून पुढे आणायचा. पुढची गाठ मारताना तिच्याखाली आगकाडी धरायची आणि गाठ बसली की काडी ओढून घ्यायची. काडीएवढी ढील राहते, म्हणून हात फिरतो. गाठ कागदाला घट्ट बसली तर हात वर केला तिथेच अडकून राहतो.

शेवटी खराट्याची एक काडी धडाच्या मागे आणि दुसरी एका मनगटाला चिकटवली, की बाहुली हात हलवू लागते. पाय आपोआप झुलतात.

पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी आठ सांधे जास्त होतात. त्यांच्यासाठी खांदे आणि मांड्या हे चारच सांधे करावेत. प्रती मात्र तेव्हाही दोनच काढा.