लग्नानंतर बँकेतील आडनाव बदलताना

लग्नानंतर आडनाव बदलणे कायद्याने सक्तीचे नाही. मात्र बदलल्यास ते बँकेत लेखी अर्ज देऊन नोंदवावे लागते. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांनुसार, ओळखपत्र जुन्या नावाचे असले तरी सोबत राज्य शासनाने दिलेला विवाह नोंदणी दाखला किंवा नावबदलाचे राजपत्र जोडल्यास ते ग्राह्य धरले जाते. लग्नपत्रिका किंवा लग्नाचे फोटो यांना ही मान्यता नाही. मूळ दाखला पडताळणीसाठी सोबत न्यावा.

समजा, ‘मीना रमेश जोशी’ लग्नानंतर ‘मीना सुनील पाटील’ झाल्या. महाराष्ट्रातील प्रथेप्रमाणे इथे आडनावासोबत मधले नावही बदलले, म्हणून अर्जात दोन्ही पूर्ण नावे लिहावीत. सही बदलली असेल, तर नव्या सहीचा नमुनाही द्यावा.

बँकेतील नोंद ग्राहक क्रमांकाला जोडलेली असते. लहानपणी उघडलेले खाते वेगळ्या क्रमांकावर असेल, तर ते जुन्याच नावावर राहते. म्हणून अर्जात प्रत्येक खाते व मुदत ठेव नोंदवावी आणि कागदी ठेव पावत्यांवरील नावही दुरुस्त करून घ्यावे. त्यासाठी ठेव मोडावी लागत नाही. पॅनवरील नावही बदलून घ्यावे, म्हणजे नोंदींत तफावत राहत नाही.