शंभर पंप, तीन ऑर्डरी

सांगलीतला पंपांचा एक घाऊक विक्रेता डोळ्यांसमोर आणा. मार्च लागलाय, विहिरींचं पाणी खाली चाललंय आणि पाच एचपीच्या सबमर्सिबल पंपाला एकदम मागणी आली आहे. गोडाऊनमध्ये १०० पंप आहेत. कारखान्याकडून आणखी ८० यायचेत, पण २० तारखेला. २ मार्चला पाणीपुरवठ्याच्या एका ठेकेदाराची ६० पंपांची ऑर्डर येते. त्याला माल २८ मार्चला हवा आहे, कारण तोवर त्याची खोदाईच चालू राहील. ४ तारखेला जतचा डीलर ५० पंप मागतो, १० तारखेच्या आत. ५ तारखेला तासगावचा छोटा डीलर २० पंप मागतो आणि त्याला ते ८ तारखेलाच हवेत. मागणी १३०, माल १००.

आता हा विक्रेता ईआरपी वापरतो, म्हणजे खरेदी, विक्री, साठा आणि हिशेब एकाच सॉफ्टवेअरमध्ये ठेवतो. अशा सॉफ्टवेअरमध्ये ऑर्डर पक्की होताच तिच्यासाठी माल राखून ठेवण्याची सोय असते, आणि पुष्कळ ठिकाणी ती पहिल्या दिवशी लावली तशीच वर्षानुवर्षं चालू असते. मग काय होतं? ठेकेदाराच्या नावावर ६० लागतात, जतच्या डीलरच्या नावावर उरलेले ४०, आणि तासगावला शून्य. गोडाऊनमध्ये छतापर्यंत खोकी रचलेली दिसत असतात, पण पडद्यावर हातातला साठा १००, राखीव १०० आणि मोकळा साठा शून्य. खोक्यांवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. राखीव हा फक्त आकडा असतो, पण त्या आकड्यामुळे डिस्पॅचवाल्याचे हात बांधले जातात.

‘आधी आला त्याला आधी’ हा नियम न्यायाचा वाटतो. इथे मात्र तो सरळ नुकसान करतो. ठेकेदाराचे ६० पंप जवळपास चार आठवडे नुसते पडून राहणार आणि ज्यांना माल या आठवड्यात हवा आहे ते हात हलवत परत जाणार. ठेकेदाराचं त्यात काहीही भलं होत नाही, कारण त्याला माल लवकर नकोच आहे.

यावरचा उपाय म्हणजे माल ऑर्डरीला शक्य तितका उशिरा बांधणं. ओडू या ईआरपीमध्ये डिलिव्हरीच्या प्रकारापुढे `Reservation Method` नावाची निवड असते. तिथे `At Confirmation` ऐवजी `Before scheduled date` घेतलं आणि दिवस ३ ठेवले, तर प्रत्येक ऑर्डरीचा माल तिच्या तारखेच्या तीन दिवस आधी राखला जातो. तासगावचे २० पंप ५ तारखेला राखले जातील, जतचे ५० सात तारखेला. दोघांचाही माल वेळेवर निघेल आणि गोडाऊनमध्ये ३० पंप उरतील. २० तारखेला ८० आले की ११० होतील. त्यातून ठेकेदाराचे ६० पंप २५ तारखेला राखले जातील. तिघांनाही पूर्ण माल मिळाला आणि शेवटी ५० शिल्लक राहिले. गोडाऊन तेच, पंप तेच, बदलली ती फक्त माल राखण्याची वेळ.

मात्र माल उशिरा राखायचा तर नवी ऑर्डर घेताना जास्त जपावं लागतं. समजा, ९ तारखेला मिरजेचा एक डीलर १२ तारखेसाठी ४० पंप मागतो. त्याला किती कबूल करायचे? महिनाअखेरीला ५० शिल्लक दिसतात म्हणून ४० देऊन टाकू, असा हिशेब करून चालत नाही. शिल्लक तारखेनुसार मांडावी लागते: १० तारखेनंतर ३०, २० तारखेला ११०, २८ तारखेनंतर ५०. १२ तारखेपासून पुढे यातला सर्वांत लहान आकडा ३० आहे, म्हणून मिरजेला ३०च द्यायचे आणि उरलेले १० वीस तारखेनंतर. कबूल करता येण्याजोगा साठा चांगली ईआरपी याच पद्धतीने काढते.

पण या गणितात एक गृहीतक दडलेलं आहे, ते म्हणजे कारखान्याची गाडी २० तारखेला येईलच. मिरजेला ३० दिले की ठेकेदाराची अख्खी ऑर्डर त्या एका गाडीवर अवलंबून राहते. गाडी २ एप्रिलला आली, तर २८ मार्चला त्याच्या हाती एकही पंप पडणार नाही. कारखाना तारखा पाळत नसेल, तर मी त्या ३० पंपांवर हाताने ठेकेदाराचं नाव लावून ठेवीन आणि मिरजेला आधीच नाही म्हणेन. ही जोखीम कुणासाठी घ्यायची हे मालकाने सांगायचं असतं. सॉफ्टवेअरला ते कळत नाही.

अर्धवट राखण्याचाही एक त्रास आहे. पहिल्या पद्धतीत जतच्या नावावर ४० लागले होते. तो डीलर म्हणाला की गाडी एकदाच पाठवा, पूर्ण ५० भरून, तर ते ४० पंपही २० तारखेपर्यंत अडकून बसतील आणि तासगावला २० सुद्धा देता येणार नाहीत. मुंबईत फ्रॅपे कंपनीने बनवलेल्या ईआरपीनेक्स्टमध्ये यासाठी `Allow Partial Reservation` ही सेटिंग आहे. एकरकमी माल मागणारी गिऱ्हाइकं जास्त असतील, तर ती बंद ठेवणं बरं.

आता प्राधान्य. कारखान्याने ८० ऐवजी ४० च पाठवले आणि दहा ऑर्डरी थांबलेल्या असल्या, तर आधी दिलेले शब्दसुद्धा पुन्हा तपासावे लागतात. सॅपच्या एस/४हाना या आवृत्तीत त्यासाठी ऑर्डरींचे पाच गट पाडता येतात: `Win`, `Gain`, `Redistribute`, `Fill` आणि `Lose`. पहिल्या गटाला मागितलेल्या तारखेला पूर्ण माल मिळालाच पाहिजे. दुसऱ्याला जेवढा कबूल केलाय तेवढा टिकतो, जमल्यास वाढतो. तिसऱ्याचा वाढेल किंवा घटेल. चौथ्याचा वाढत नाही, पण गरज पडली तर घटतो. पाचव्या गटातल्या ऑर्डरींचा माल सोडवून इतरांना दिला जातो. मला या मांडणीतली स्पष्टता आवडते, कारण कुणाचा माल कुणासाठी काढला जाईल हे टंचाई येण्याआधीच लिहून ठेवावं लागतं. नाहीतर ज्या विक्रेत्याचा आवाज मोठा, त्याच्या गिऱ्हाइकाला माल जातो. पहिल्या गटात मात्र मोजक्याच ऑर्डरी हव्यात. तिथलीच बेरीज साठ्यापेक्षा मोठी झाली, तर त्या गटाला काही अर्थ राहत नाही.

नियम नसले की विक्री विभागातली माणसं स्वतःच उपाय शोधतात. हंगामाच्या तोंडावर ओळखीच्या डीलरच्या नावाने ऑर्डर टाकून माल अडवून ठेवायचा, खरं गिऱ्हाईक आलं की ती रद्द करायची. हे चालू आहे का, ते ओळखता येतं. राखीव मालाची यादी काढून प्रत्येक ओळीपुढे माल किती दिवस राखला गेलाय ते पाहा. डिलिव्हरीची तारीख उलटून गेलेली, आगाऊ रक्कम न आलेली, त्याच त्या दोन-तीन डीलरांच्या नावावर दर मार्चला पडणारी आणि रद्द होणारी ऑर्डर त्या यादीत लगेच डोळ्यांत भरते. दुसरी खूण स्टोअरकीपर सांगतो. पडद्यावर मोकळा साठा शून्य असताना तो निम्म्या खोक्यांवरची धूळ झटकत असतो.

अशा ऑर्डरींना मुदत घालावी लागते. ठरलेल्या दिवसांत आगाऊ रक्कम आली नाही, तर राखीव माल आपोआप सुटावा आणि विक्रेत्याला तसा निरोप जावा. ही सोय तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार नसली, तर रोज सकाळी डिस्पॅच सुरू होण्याआधी कुणीतरी ती यादी उघडून हाताने माल सोडवायचा. सोडवताना कारण लिहायचं आणि सोडवणाऱ्याचं नाव नोंदवायचं, म्हणजे दुपारी जतहून फोन आला की उत्तर कुणी द्यायचं ते ठरलेलं असेल.