समूह बंद झाला, कागदपत्रांचे काय?

विवाह, सहल किंवा यात्रा ठरली की व्हॉट्सअ‍ॅपवर समूह तयार होतो. कार्य पार पडते आणि समूह तसाच पडून राहतो. त्यात केवळ शुभेच्छा असत्या तर चिंता नव्हती. परंतु तिकिटे व निवासाच्या आरक्षणासाठी अनेकांनी आधार कार्डाची छायाचित्रे त्यातच पाठविलेली असतात. असा समूह बंद करताना नेमके काय पुसले जाते आणि काय उरते, हे समूहाच्या प्रमुखाने, म्हणजे अ‍ॅडमिनने, जाणून घेतले पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. सहलीच्या समूहात ४२ सदस्य आहेत आणि अ‍ॅडमिन एकच आहे. सहल आटोपल्यावर तो 'Exit group' दाबून बाहेर पडतो आणि समूह संपला असे समजतो. प्रत्यक्षात समूह संपत नाही. उरलेल्या ४१ जणांपैकी कोणी तरी आपोआप अ‍ॅडमिन होतो आणि समूह पुढे चालू राहतो. मूळ अ‍ॅडमिनच्या हाती मात्र आता कोणतेही अधिकार उरत नाहीत.

म्हणून क्रम उलटा हवा. प्रथम समूहाच्या माहितीत जाऊन आमंत्रणाची लिंक 'Reset link' ने बदलावी, म्हणजे जुन्या लिंकवरून कोणी नव्याने आत येणार नाही. नंतर एकेका सदस्याच्या नावावर बोट ठेवून 'Remove' करावे. ४१ जणांसाठी हे ४१ वेळा करावे लागते. त्यास उपाय नाही. यादीत केवळ आपले नाव उरले, याची खात्री झाल्यावरच 'Exit group' करावे. त्यानंतर 'Delete group' हा पर्याय दिसू लागतो.

आता खरा प्रश्न येतो. ही शेवटची कळ दाबल्यावर समूह नाहीसा होतो तो केवळ अ‍ॅडमिनच्या फोनमधून. काढलेल्या सदस्यांच्या यादीत तो पूर्ववत दिसतो. त्यांना नवा संदेश पाठविता येत नाही वा मिळत नाही. पण जुने सर्व संदेश आणि उतरवून घेतलेली छायाचित्रे त्यांच्यापाशी राहतात. कारण व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश प्रत्येकाच्या फोनमध्ये स्वतंत्रपणे साठविलेले असतात. बँकेच्या भाषेत सांगायचे तर खाते बंद झाले, पण त्याचे उतारे ४१ घरांत राहिले.

'Delete for everyone' वापरून सर्वांच्या फोनमधील संदेश पुसता येतो आणि अ‍ॅडमिनला इतरांचे संदेशही असे पुसता येतात. परंतु ही मुभा पाठविल्यापासून सुमारे दोन दिवसच असते. तीन आठवड्यांपूर्वीचे आधार कार्ड त्यामुळे हटविता येत नाही. तेथे सदस्यांचे सहकार्य हाच मार्ग आहे. म्हणून कोणालाही काढण्यापूर्वी समूहात स्पष्ट विनंती करावी: सेटिंग्जमधील 'Storage and data' व त्यातील 'Manage storage' येथे या समूहाचे नाव शोधून ओळखपत्रांची छायाचित्रे निवडून काढून टाकावीत. ज्यांच्या गॅलरीची प्रत गूगल फोटोजमध्ये आपोआप जाते, त्यांनी तेथेही पाहावे. सदस्यांना आधी काढले तर ही विनंती करण्याचे व्यासपीठच उरत नाही. खर्चाचा हिशोब जपायचा असल्यास 'Export chat' ने त्याची प्रतही याच वेळी घ्यावी.

टेलिग्रामची रीत निराळी आहे. तेथे सामान्य समूहांचे व चॅनेलचे संदेश कंपनीच्या सर्व्हरवर असतात. त्यामुळे मालकाने समूह किंवा चॅनेल सर्वांसाठी हटविले, की सदस्यांची एकेक नावे न काढताही सर्वांचा प्रवेश आणि त्यातील सर्व साहित्य एकाच वेळी जाते. ते पुन्हा मिळत नाही. म्हणून हवे ते आधीच उतरवून घ्यावे. मात्र ज्यांनी छायाचित्रे आपल्या फोनच्या गॅलरीत जतन केली, त्यांच्यापाशी ती येथेही राहतात.

यावरून एक गोष्ट लक्षात येते: समूह बंद करताना जे जमत नाही, ते तो उघडतानाच साधावे. व्हॉट्सअ‍ॅपवर पहिल्याच दिवशी 'Disappearing messages' हा पर्याय ९० दिवसांवर ठेवला, तर त्यानंतरचे संदेश आपोआप नाहीसे होतात. आधीच्या संदेशांना तो लागू होत नाही आणि कोणी गॅलरीत जतन केलेले छायाचित्रही त्याने जात नाही. म्हणून आधार कार्डाची प्रत समूहात न टाकता ज्या एका व्यक्तीकडे आरक्षणाचे काम आहे तिलाच स्वतंत्रपणे पाठवावी, आणि जेथे चालत असेल तेथे क्रमांकाचे शेवटचे चारच अंक दाखविणारे 'मास्क्ड आधार' द्यावे. ते आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते.