अठरा बॅलन्स

या गोष्टीतलं दुकान कल्पनेतलं आहे, माल मात्र खरा आहे. अजूनही कितीतरी गावांच्या पेठांत जुन्या घड्याळजींच्या फळ्यांवर तो पडून असतो.

दुकान साताऱ्यातलं समजा. दहा बाय बाराची खोली, पुढे काचेचं कपाट, मागे माळा. घड्याळजी साठीच्या पुढचे. दिवाळीआधी माळा रिकामा करून अर्धी जागा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्याने द्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं. मुलगी बीकॉम होऊन घरीच होती, म्हणून काम तिच्याकडे आलं. बाबांची सूचना एवढीच होती, "प्लास्टिक एकीकडे, धातू एकीकडे. धातू किलोवर जाईल."

माळ्यावर बिस्किटांचे पत्र्याचे डबे निघाले. आत कागदाच्या बोटभर पुड्या, प्रत्येकीवर निळ्या शाईचा शिक्का आणि एक आकडा. बऱ्याच पुड्यांवर एकच आकडा होता, ०२३१. "हा घड्याळाचा नंबर का हो, बाबा?" तिने विचारलं. "घड्याळाचा नाही, मशीनचा," बाबा म्हणाले.

सगळी गोष्ट या उत्तरावर उभी आहे. गिऱ्हाईक घड्याळ नावाने ओळखतं : जनता, पायलट, कांचन. सुटा भाग मात्र नावाला बसत नाही, आतल्या मशीनला बसतो. चावीच्या ‘जनता’त आणि काळ्या डायलच्या ‘पायलट’मध्ये ०२३१ हेच मशीन सापडतं, म्हणून एकाचा भाग दुसऱ्याला चालतो. ‘कांचन’ आपोआप चावी भरून घेणारं, त्याचं मशीन वेगळं. त्याच्या डब्यात हात घालून उपयोग नाही.

आता हा माल पडून का राहिला ते पाहू. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून मनगटी घड्याळं सुरू केली. पुढची पंचवीसेक वर्षं लग्नात जावयाला, नोकरी लागल्यावर मुलाला तीच मिळायची. मग सेलवरची क्वार्ट्झ घड्याळं आली आणि दुरुस्तीची रीतच बदलली. क्वार्ट्झ बिघडलं की घड्याळजी सेल बदलतो, नाहीतर सबंध मशीनच काढून नवं टाकतो. चाकं, कमान, काड्या सुट्या विकत घ्यायचं कारण उरलं नाही. ठोक व्यापाऱ्याकडून डझनांनी आणलेल्या पुड्या माळ्यावर गेल्या. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने कंपनीचा घड्याळांचा विभाग बंद करायचा निर्णय घेतला आणि नवे अस्सल भाग बनायचे थांबले. ज्यांच्या घरी आजोबांचं ‘जनता’ कपाटात बंद पडलंय, त्यांना दुकानदार "पार्ट मिळत नाहीत" म्हणून परत पाठवू लागले.

मुलीच्या डोक्यात पहिल्यांदा आलं ते कुणाच्याही डोक्यात येईल : पुड्यांचे फोटो काढायचे आणि ऑनलाइन विकायच्या. तिने मोजदाद सुरू केली. बॅलन्सच्या पुड्या सव्वीस भरल्या. बॅलन्स म्हणजे घड्याळाचं हृदयच म्हणा. केसासारख्या बारीक स्प्रिंगवर मागेपुढे झुलणारं हे चाक या मशीनमध्ये तासाला अठरा हजार ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. त्याच्या आसाची दोन्ही टोकं इतकी बारीक असतात की साध्या डोळ्याला सुईसुद्धा त्यापुढे जाड वाटावी. घड्याळ जोरात आपटलं तर तीच मोडण्याची भीती.

बाबांनी डोळ्याला भिंग लावलं आणि एकेक बॅलन्स चिमट्याने उचलून पाहिलं. टोकावर तपकिरी ठिपका दिसला की ते बाजूला. पावसाळ्यांची दमट हवा कागदातून आत शिरलेली असते, आणि गंजलेलं टोक माणकाच्या बैठकीत घासत राहतं. मग चाकाला धरून स्प्रिंग हलकेच लोंबू द्यायची. तिची वेटोळी एकसारख्या अंतरावर उघडली पाहिजेत. दोन वेटोळी चिकटली तर तेल लागलंय किंवा चुंबकत्व आलंय, ते घालवता येतं. वेटोळं वाकलेलं असेल तर ते सरळ करणारा हात आज दुर्मीळ. तपासणीत आठ बाद झाली, अठरा उरली.

त्या अठरांना प्रत्येकी चारशे रुपये मिळाले असते, असं धरू. सात हजार दोनशे, आणि व्यवहार संपला. शिवाय एकगठ्ठा घेणारं गिऱ्हाईक बहुधा कोण असतं, हे बाबांना पक्कं ठाऊक होतं. जुन्या घड्याळांचे डायल भडक रंगात नव्याने रंगवायचे, दहा घड्याळांचे भाग जोडून एक उभं करायचं आणि जुनं अस्सल म्हणून खपवायचं, असा धंदा जोरात चालतो. नीट पाहिलं तर कळतं : अक्षरं जाड, कडा फुटलेल्या, मिनिटांच्या रेघा काट्याशी जुळत नाहीत.

खरा शोध त्याच डब्याखाली सापडलेल्या वहीत होता. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक घड्याळाची बाबांनी तीत नोंद ठेवलेली : नाव, तक्रार, बदललेला भाग. मुलीने एचएमटीच्या एकशेवीस नोंदी वेगळ्या काढल्या. जवळजवळ सगळ्यांना वाळलेलं तेल धुऊन नवं घालावं लागलं होतं. निम्म्यांची काच बदलली होती, एक्केचाळिसांची चावी किंवा तिची काडी, पंधरांची कमान. बॅलन्स लागलं होतं फक्त बारांना, म्हणजे दहांत एकाला.

याचा अर्थ, अठरा बॅलन्समध्ये एकशेऐंशी घड्याळं चालू होऊ शकतात. दर घड्याळामागे मजुरीसह आठशे रुपये घेतले तर एक लाख चव्वेचाळीस हजार. त्यातून कुरिअर, धुण्याचं पेट्रोल, तेल, काचा आणि बाबांचा वेळ वजा जाईल. तरी सात हजारांशी त्याची तुलना होत नाही. भाग विकायचा नाही, चालतं घड्याळ परत द्यायचं, हा तिचा धंदा ठरला. फक्त एचएमटी, फक्त चावीची, आणि सुरुवातीला फक्त ०२३१ मशीन.

तिने आणखी एक केलं, आणि मला वाटतं तेच जास्त हुशारीचं. प्रत्येक घड्याळाबरोबर एक कार्ड द्यायचं : कुठला भाग मूळचा आहे, कुठला बदलला, बदललेला कंपनीचा आहे की बाजारातला. काच बाजारातली असली तर तसं लिहायचं. जुनाच डायल ठेवायचा, डाग असला तरी रंगवायचा नाही. "लोकांना चकचकीत हवं असतं," बाबा कुरकुरले. "त्यांना दुसरं दुकान आहे की," ती म्हणाली.

परत पाठवण्याआधीची चाचणीही बाबांच्या जुन्या सवयीतूनच आली. पूर्ण चावी दिल्यावर घड्याळ साधारण दीड दिवस चाललं पाहिजे. मग एक रात्र उताणं, एक रात्र चावी खाली करून टांगलेलं. दोन्हींत मिनिटांचा फरक पडला तर बॅलन्स किंवा त्याची बैठक पुन्हा उघडायची.

अडचण साठ्याची होती. बाबांच्या डोळ्यांना आठवड्याला तीन घड्याळं झेपत. त्या हिशोबाने एकशेऐंशी घड्याळं साठ आठवड्यांत संपतील, आणि वर्षाच्या थोडं पुढे बॅलन्सचा डबा रिकामा. म्हणून तिने पहिल्या महिन्यापासूनच पंचक्रोशीतल्या भंगारवाल्यांकडून बंद, डायल गेलेली, पट्टा तुटलेली ‘जनता’ घ्यायला सुरुवात केली. अट एकच, मागचं झाकण उघडून बॅलन्स झुलतंय का पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. मोबाइलच्या कव्हरवाल्याला तिने नाही सांगितलं नाही, फक्त माळा आपल्याकडे ठेवला.