रिठ्याचा फेस आणि एक कंट्रोल

10-12 रिठे फोडून बिया काढा. साली अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी 15 मिनिटं उकळा आणि गाळून घ्या. सालीतल्या सॅपोनिनचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. म्हणून ताटाचा हलका तेलकटपणा निघतो. पण किती निघतो, हे फेसावरून ठरवू नका. तेवढंच तेल लावलेलं दुसरं ताट तितक्याच कोमट, पण नुसत्या पाण्याने, तितकंच घासा. दोन्हींतला फरक तेवढा रिठ्याचा. बाकी श्रेय पाण्याचं आणि हाताचं. नळावरचा पांढरा क्षारांचा थर मात्र याने जात नाही, त्याला आम्ल लागतं. जंतुनाशक म्हणूनही यावर विसंबू नका. उलट हे पाणी स्वतःच काही दिवसांत आंबतं. वास बदलला की ओतून द्या.