प्लेटलेट्स, गुडघा आणि मिठाचं पाणी

डेंग्यूच्या साथीत घरोघरी एकच आकडा विचारला जातो: प्लेटलेट्स किती? दीड लाखाच्या वर असल्या की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. पण हा दीड लाखाचा हिशेब रक्ताच्या केवढ्या थेंबातला, ठाऊक आहे? मोहरीच्या दाण्याएवढ्या! रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स सुखाने नांदत असतात.

त्यातली एक प्लेटलेट जवळून बघितली, तर ती धड पूर्ण पेशीसुद्धा नसते. अस्थिमज्जेतल्या एका अवाढव्य पेशीचा हा तुटलेला तुकडा. त्याला केंद्रक नाही आणि आयुष्य जेमतेम आठ-दहा दिवसांचं. तरीही त्याच्या पोटात पन्नास ते ऐंशी इवल्या पुड्या भरलेल्या असतात. कुठे कापलं, खरचटलं की प्लेटलेट्स तिथे चिकटतात, पुड्या फुटतात आणि त्यातून वाढीचे संकेत देणारी प्रथिनं बाहेर पडतात. कुठलं प्रथिन दुरुस्ती करणाऱ्या पेशींना बोलावतं, कुठलं नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावतं. म्हणजे रक्त थांबवायला धावून आलेला तुकडाच दुरुस्तीचं सामानही सोबत घेऊन येतो.

आता गुडघ्याकडे या. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत गादी असते ती कूर्चा. तिच्यात एकही रक्तवाहिनी नाही! आजूबाजूच्या द्रवातून पाझरेल तेवढ्यावर तिच्या पेशी जगतात, आणि त्या पेशीही तिच्या आकारमानाच्या एक-दोन टक्केच. रक्तच नाही म्हटल्यावर प्लेटलेट्स येणार कुठून? गादी झिजली की झिजलेलीच राहते. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडराची गतही थोडीफार अशीच, कारण तिथेही रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. मग कुणाच्याही मनात येईल की प्लेटलेट्स आपल्या पायांनी जात नसतील तर आपणच त्या नेऊन सोडू. पीआरपी, म्हणजे प्लेटलेट्सनी समृद्ध केलेला रक्तद्रव, तो हाच.

कृती ऐकायला सोपी आहे. दंडातून रक्त काढायचं, ते गोठू नये म्हणून सायट्रेट घालायचं आणि नळी सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायची. जड लाल पेशी तळाला बसतात, वर पिवळसर द्रव राहतो आणि मधे पांढुरका पातळ थर दिसतो. त्या थराच्या आसपासचा भाग उचलायचा आणि सुईने सांध्यात सोडायचा. रक्त तुमचंच, त्यामुळे ॲलर्जीची भीती जवळजवळ नाही. इतकी देखणी कल्पना खरी ठरावी असं कुणाला वाटणार नाही?

ती खरी आहे का, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी फार नेटाने तपासलं. रिस्टोर नावाची ही चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. पन्नाशी ओलांडलेले, गुडघ्याची सौम्य ते मध्यम झीज असलेले २८८ लोक तिच्यात होते. निम्म्यांना आठवड्याला एक अशी तीन पीआरपी इंजेक्शनं दिली आणि निम्म्यांना तितकीच सलाईनची, म्हणजे निव्वळ मिठाच्या पाण्याची. कुणाला काय मिळालं हे रुग्णांनाही कळू दिलं नाही.

वर्षभरानंतर दहापैकी किती दुखतंय, असं विचारलं. पीआरपीवाल्यांचं दुखणं सरासरी २.१ अंकांनी उतरलं होतं. आणि मिठाच्या पाण्याचं? १.८ अंकांनी! फरक पडला तो ०.३ चा. माणसाला जाणवण्यासारखा फरक म्हणून संशोधकांनी आधीच ठरवून ठेवलेली मर्यादा १.८ होती. एमआरआयवर दोन्ही गटांची कूर्चा जवळपास सारखीच घटली होती. कुणाचीही गादी पुन्हा उगवली नव्हती.

कंडरांची गोष्टही फार वेगळी नाही. टाचेच्या कंडरेवर नेदरलँड्समध्ये ५४ रुग्णांची अशीच चाचणी झाली होती आणि तिचा निष्कर्ष २०१० मध्ये आला. सगळ्यांना व्यायाम दिले होते. चोवीस आठवड्यांनी दोन्ही गट भरपूर सुधारले, पण पीआरपीवाले काही पुढे गेले नाहीत.

या निकालात मला सर्वात थक्क करतं ते मिठाचं पाणी. त्याने दुखणं उतरलंच कसं? एक कारण असं की माणूस इंजेक्शनला तयार होतो तो दुखणं अगदी टिपेला पोचल्यावर, आणि झिजेचं दुखणं आपणहून चढतं-उतरतं. त्यामुळे पुढचे महिने तसेही बरे जाण्याची शक्यता असते. दुसरं कारण त्याहून अजब आहे. १९७८ मध्ये अमेरिकेत अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. खोट्या औषधाने ज्यांचं दुखणं कमी झालं होतं, त्यांना नॅलॉक्सोन दिल्यावर ते पुन्हा वाढलं. नॅलॉक्सोन हे अफूसारख्या द्रव्यांचा परिणाम रोखणारं औषध. याचा अर्थ, नुसत्या अपेक्षेने मेंदूने स्वतःचं वेदनाशामक सोडलं होतं! आराम खरा होता, फक्त श्रेय भलत्याला मिळत होतं. ‘माझ्या शेजाऱ्याला फरक पडला’ हे वाक्य म्हणूनच प्रामाणिक असतं, आणि तरीही तो पुरावा ठरत नाही.

मग विषय संपला? नाही, कारण डोसाचा वाद मोलाचा आहे. साठ मिलिलिटर रक्त घेतलं आणि दर मायक्रोलिटरला दोन लाख प्लेटलेट्स धरल्या, तर एकूण होतात १२०० कोटी. त्यातल्या किती हाती लागतात हे यंत्रावर आणि पद्धतीवर ठरतं. ऑस्ट्रेलियातल्या इंजेक्शनात दर वेळी साधारण दीडशे कोटी होत्या, आणि ही मात्रा फार थोडी असा टीकाकारांचा आक्षेप आहे. २०२१ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५० रुग्णांपैकी एका गटाला एकदम १००० कोटी दिल्या आणि वर्षभर चांगला फायदा दिसला. पण तिथे तुलना हायल्युरॉनिक आम्लाच्या इंजेक्शनशी होती, मिठाच्या पाण्याशी नव्हती. माझ्या मते मोठ्या डोसाला अजून तीच अवघड परीक्षा द्यायची आहे. पांढऱ्या पेशी ठेवायच्या की काढायच्या, यावरही एकमत नाही. त्यामुळे दोन दवाखान्यांतलं ‘पीआरपी’ एकच वस्तू असेल, असं गृहीत धरता येत नाही.

दवाखान्यात हे सांगायचं कसं? समजा साठीच्या एक बाई समोर बसल्या आहेत. जिना उतरताना गुडघा दुखतो आणि एक्स-रेत मध्यम झीज दिसते.

“डॉक्टर, याने गादी परत भरून येईल ना?”

“नाही काकू, गादी भरत नाही. दुखणं कमी होऊ शकतं, पण मिठाच्या पाण्यानेही जवळपास तेवढंच कमी झालेलं चाचणीत दिसलंय. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम आणि थोडं वजन कमी करणं, यांचा पुरावा याहून भक्कम आहे. ते आधी तीन महिने करू.”

“आणि तरीही घ्यायचंच म्हटलं तर?”

“तर पैसे भरण्याआधी विचारा, माझ्या नळीत प्लेटलेट्स किती होत्या, मोजल्या का? आठवडाभर आधीपासून आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या टाळा, त्यांनी प्लेटलेट्सचं काम मंदावतं. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती मात्र मला विचारल्याशिवाय बंद करू नका. नंतर दोन-तीन दिवस गुडघा जास्त ठणकेल, तेव्हा घाबरू नका. पण ताप आला, गुडघा लाल होऊन टम्म सुजला, तर रात्र असली तरी फोन करा, तो जंतुसंसर्ग असू शकतो. आणि आजच वहीत लिहून ठेवा, दहापैकी किती दुखतंय आणि किती पायऱ्या उतरता येतात. तीन महिन्यांनी पुन्हा लिहा. आकडे हलले नसतील, तर दुसऱ्यांदा घेऊ नका, मी सांगितलं तरी.”